शुद्धिहरण आणि गाबा-ए ग्राही

शुद्धिहरण आणि गाबा-ए ग्राही : शस्त्रक्रियेसाठी भूल देताना वापरली जाणारी बहुतेक शिरेवाटेची औषधे आणि झोपेच्या गोळ्यांपैकी अनेक, मेंदूतील गाबा-ए या ग्राहीवर, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या पेशीपटलातील प्रथिनावर, काम करतात. गाबा म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. हा मेंदूतील मुख्य शमनकारी चेताप्रेषक असून सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो असल्याचे १९५० मध्ये दाखवण्यात आले. भूल देण्याची सामान्य पद्धत आणि तिचे प्रकार येथे गृहीत धरले आहेत. या नोंदीचा भर प्रोपोफॉल या औषधावर आहे, कारण त्याच्या क्रियास्थानाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे.

ग्राहीची रचना : गाबा-ए ग्राही पाच प्रथिन-उपघटकांचा बनलेला असतो. ते पाकळ्यांसारखे गोलाकार उभे असतात आणि मध्ये अरुंद छिद्र राहते. मेंदूत बहुधा दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा अशी जुळणी आढळते. पेशीबाहेरच्या भागात बीटा व अल्फा यांच्या सांध्यावर गाबाच्या दोन जागा आहेत. तेथे गाबा बसला की छिद्र उघडते, क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशीतील विद्युत्भार अधिक ऋण होतो किंवा निदान तेथेच रोखला जातो. अशा पेशीला संदेश पुढे धाडणे अवघड जाते.

डायझेपाम, मिडाझोलाम ही बेंझोडायझेपाइन औषधे गाबाच्या जागी बसत नाहीत. त्यांची जागा अल्फा व गॅमा यांच्या सांध्यावर आहे. तेथे बसून ती छिद्र वरचेवर उघडायला लावतात, पण त्यासाठी गाबा हजर असावाच लागतो. बार्बिट्युरेटे छिद्र अधिक वेळ उघडे ठेवतात आणि मात्रा वाढल्यास गाबा नसतानाही ते उघडतात. प्रोपोफॉलचेही तसेच आहे : कमी मात्रेत ते गाबाचा परिणाम वाढवते, अधिक मात्रेत स्वतःच दार उघडते. एकट्या बेंझोडायझेपाइनच्या परिणामाला वरची मर्यादा असते, बार्बिट्युरेटांच्या परिणामाला ती नसते. झोपेच्या गोळ्यांमध्ये बार्बिट्युरेटे मागे का पडली, याचे बरेचसे उत्तर यात आहे. मात्र दारू किंवा अफूजन्य औषधांची जोड मिळाली की ही मर्यादा भरवशाची राहत नाही.

स्निग्धद्राव्यता की प्रथिन : भुलीची औषधे नेमकी कशावर काम करतात, हा वाद शतकभर चालला. हान्स होर्स्ट मायर (१८९९) आणि चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन (१९०१) यांनी स्वतंत्रपणे दाखवले की एखादे द्रव्य ऑलिव्ह तेलात जितके अधिक विरघळते तितकी त्याची कमी मात्रा भुलीला पुरते. ईथर, क्लोरोफॉर्म अशा एकमेकांशी काहीच साम्य नसलेल्या द्रव्यांना हा नियम लागू पडत असल्याने, औषध पेशीच्या स्निग्ध पटलात शिरून ते सैल करते, असा अर्थ लावला गेला. हा अर्थ पुढे अनेक दशके टिकला.

त्याविरुद्धचे दोन आक्षेप महत्त्वाचे. भुलीच्या मात्रेमुळे पटलात होणारा बदल इतका किरकोळ असतो की तापमान जेमतेम एका अंशाने वाढले तरी तेवढाच बदल होतो. पण तापाने फणफणलेला माणूस त्यामुळे शस्त्रक्रियेइतका बेशुद्ध होत नाही. दुसरा आक्षेप अल्कोहोलांचा. कार्बन-साखळी लांबत जाते तशी त्यांची तेलातील विद्राव्यता वाढतच राहते, परंतु साधारण बारा-तेरा कार्बनांनंतर भुलीचा गुण एकाएकी नाहीसा होतो. मर्यादित आकाराच्या खोबणीत रेणू मावेनासा झाला, असे मानल्यास याचा उलगडा होतो. १९८४ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रथिनावर प्रयोग केले. आसपास स्निग्ध पटल नसतानाही भुलीच्या द्रव्यांनी त्याची क्रिया भुलीच्याच मात्रांत मंदावली. तेव्हापासून प्रथिनपक्षाचे पारडे जड आहे आणि प्रस्तुत नोंदीतही तोच पक्ष अधिक ग्राह्य मानला आहे.

निर्णायक म्हणता येईल असा पुरावा उंदरांतून आला. बीटा-३ उपघटकातील २६५ व्या स्थानी असलेल्या अ‍ॅस्पॅराजिनऐवजी मेथिओनिन घातलेले उंदीर तयार करण्यात आले (२००३). प्रोपोफॉल किंवा एटोमिडेट हे शिरेवाटेचे दुसरे भूल-औषध दिलेला साधा उंदीर पंजा चिमटला तरी पाय ओढून घेत नाही. या उंदरांनी तो ओढून घेतला. एका अमिनो आम्लाच्या बदलाने एवढा फरक पडावा, हे पटल-सिद्धांताला समजावून सांगता येत नाही. तरी पुराव्याची मर्यादाही नोंदवायला हवी. हेच उंदीर पाठीवर पडल्यावर उलटण्याची क्षमता गमावत होते, फक्त कमी वेळासाठी. म्हणजे शुद्ध जाण्यात इतर उपघटकांचाही वाटा आहे. हॅलोथेनसारख्या श्वासावाटेच्या औषधांवर तर बदलाचा परिणाम अल्पच दिसला. शिवाय चिमट्याला प्रतिसाद न देणे ही बव्हंशी मज्जारज्जूची बाब आहे. हालचाल थांबणे आणि शुद्ध हरपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या लेखनात अनेकदा विसरले गेले. २०२० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रोपोफॉल व एटोमिडेट ग्राहीच्या पटलातील भागात, बीटा-अल्फा सांध्यावर बसलेले दिसले. पटल-पक्षालाही थोडे समाधान मिळावे असा हा निष्कर्ष आहे : खोबण प्रथिनाची असली तरी ती स्निग्ध पटलाच्या पातळीवर आहे, आणि तेलात विरघळणाऱ्या रेणूलाच तेथे पोचणे सोपे जाते.

प्रत्यक्ष क्रम : ६० किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला आधी २ मिलिग्रॅम मिडाझोलाम दिले तर तो जागा असतो, बोलतो, पण नंतर त्याला यातले फारसे आठवत नाही. त्यानंतर किलोमागे २ मिलिग्रॅम या हिशेबाने १२० मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या दुधासारख्या पांढऱ्या द्रावणाचे १२ मिलिलिटर प्रोपोफॉल शिरेत दिले जाते. मिडाझोलाम आधी दिल्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी लागू शकते, म्हणून भूलतज्ज्ञ ते सावकाश देत परिणाम पाहत जातात. द्रावण सोयाबीन तेलाचे असते, कारण औषध पाण्यात विरघळत नाही. हातात आग होते. अर्ध्या-पाऊण मिनिटात उत्तरे थांबतात. भूलतज्ज्ञ पापणीच्या केसांना बोट लावून पाहतात. पापणी फडफडली नाही, तर शुद्ध गेली असे धरतात. त्याच सुमारास श्वास बहुधा थांबतो आणि रक्तदाब उतरतो, म्हणून मुखवटा व प्राणवायू आधीच हाताशी लागतात. वृद्धांत मात्रा बरीच कमी ठेवावी लागते. पुढे औषध दिले नाही तर पाच-दहा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो. तोपर्यंत औषध नष्ट झालेले नसते, मेंदूतून स्नायूंकडे वाटले गेलेले असते.

येथे एक गफलत होण्यासारखी आहे. फ्लुमाझेनिल हे औषध बेंझोडायझेपाइनच्या जागेवर बसून मिडाझोलामचा परिणाम उतरवते, पण प्रोपोफॉलची जागा वेगळी असल्याने त्यावर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. प्रोपोफॉल जास्त झाले तर उतारा नाही; श्वास आणि रक्तदाब सांभाळत वाट पाहावी लागते.

मेंदूतील जागा व अपवाद : प्रोपोफॉलखाली मेंदूच्या विद्युत् आलेखात कपाळाकडील भागात सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या लहरी आणि त्यांच्यासोबत अतिमंद लहरी दिसतात. मेंदूच्या आतील थॅलॅमस हे केंद्र व मेंदूचा वरचा थर असलेले बाह्यक यांच्यातील देवाणघेवाण एका ठेक्यात अडकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मात्रा आणखी वाढली की आलेख मधूनमधून सपाट होतो. अधोथॅलॅमसातील निद्राकेंद्रांचाही सहभाग असावा.

केटामिन या साच्यात बसत नाही. ते मुख्यतः ग्लुटामेट या उत्तेजक चेताप्रेषकाचा एनएमडीए ग्राही अडवते आणि आलेखात जलद लहरी वाढवते. त्यामुळे आलेखावरून भुलीची खोली आकड्यात दाखवणारे यंत्र रुग्ण गाढ भुलीत असतानाही चढा आकडा दाखवू शकते. डेक्समेडेटोमिडीन मेंदूस्तंभातील नॉरअ‍ॅड्रेनलिनचा स्रोत मंदावते; त्याखालचा रुग्ण हाक मारली की डोळे उघडतो.