कुंपणाच्या आत की बाहेर?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की नजर दोनच शब्द शोधते, बिनाइन की मॅलिग्नंट. पहिल्याचा अर्थ 'काही नाही' आणि दुसऱ्याचा 'संपलं सगळं' असा लावला जातो. प्रत्यक्षात दोन्ही शब्द एकाच प्रश्नाचं उत्तर असतात: गाठीतल्या पेशी आपली हद्द ओलांडून आसपासच्या ऊतींमध्ये घुसतात का? घुसत असतील तर त्या रक्तातून किंवा लसिकेतून दूरही पोचू शकतात. ती गाठ मॅलिग्नंट.

हद्दीचं महत्त्व थायरॉइडच्या एका गाठीत फार छान दिसतं. समजा, गाठ ३ सेंटीमीटरची आहे. बारीक सुईने काढलेल्या पेशींचा रिपोर्ट येतो, 'फॉलिक्युलर निओप्लाझम'. तो वाचून माणूस चिडतो, की धड साधी नाही आणि धड कॅन्सरही नाही! पण या प्रकारात दोन्ही गाठींच्या पेशी अगदी सारख्या दिसतात. फरक असतो तो गाठीभोवतीच्या तंतुमय आवरणापाशी, आणि सुईत येतात सुट्या पेशी, आवरण येत नाही.

म्हणून थायरॉइडचा तो अर्धा भाग काढतात. फॉर्मलिनमध्ये मुरल्यावर गाठीच्या कडेचे, आवरणासकट, अनेक तुकडे घेतात आणि मेणात बसवून त्यांचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप करतात. रंगवल्यावर केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, आवरण गुलाबी. नऊ तुकड्यांत आवरण सलग आहे आणि दहाव्यात पेशींचा एक कोंब ते आरपार भेदून पलीकडे भूछत्रासारखा पसरलाय, तर गाठ मॅलिग्नंट. तो दहावा तुकडा घेतलाच नसता तर हीच गाठ बिनाइन ठरली असती. तुकडे किती घेतले याला म्हणूनच एवढी किंमत.

इथे एक फसगत होते. आधीच्या सुईने आवरणाला भोक पडलेलं असतं आणि त्यातून पेशी बाहेर डोकावतात. हा हल्ला नव्हे. सुईच्या वाटेवर जुन्या रक्ताचे तपकिरी कण आणि व्रणाची ऊती सापडते, त्यावरून पॅथॉलॉजिस्ट हा फरक ओळखतो. 'सुई लागली की कॅन्सर पसरतो' या भीतीने तपासणी टाळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की सुईच्या वाटेवर थायरॉइडचा कॅन्सर रुजणं अतिशय विरळ आहे.

मॅलिग्नंट हा शब्द आजार किती पसरलाय ते सांगत नाही. वरच्या गाठीत फक्त आवरण भेदलं गेलं असेल, तर काढलेला अर्धा भाग बहुतेक वेळा पुरेसा होतो. आवरणातल्या किंवा त्याबाहेरच्या अनेक रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या, तर फुफ्फुसं आणि हाडांची धास्ती वाढते आणि उरलेला थायरॉइड काढून रेडिओआयोडीन देण्याचा विचार होतो. त्यामुळे रिपोर्टात त्या शब्दाच्या पुढची, रक्तवाहिन्यांबद्दलची ओळ आधी शोधावी.

बिनाइनलाही जागेचं भान नसतं. कवटीच्या आतली मेनिंजिओमाची गाठ बिनाइन असूनही मेंदूवर दाब आणून दृष्टी घालवू शकते.