चित्रातलं काय पुसलं जातं आणि शब्द काय भरतात

एआयला संदर्भ म्हणून एखादं चित्र द्यायचं आणि सोबत शब्दांत सूचना लिहायची, तर वर्णन जितकं सविस्तर तितकं चित्र मनासारखं, असा अनेकांचा पक्का समज असतो. तो का फसतो हे कळायला संदर्भचित्राचं पुढे काय होतं ते पाहावं लागतं.

डिफ्यूजन मॉडेल म्हणजे नॉइज काढत काढत चित्र घडवणारं एआय. ते वापरण्याच्या सर्वांत सरळ पद्धतीत आपल्या चित्रात आधी नॉइज, म्हणजे यादृच्छिक ठिपक्यांचा गोंधळ, मिसळला जातो. मग शब्दांच्या आधाराने तो टप्प्याटप्प्याने काढला जातो. किती मिसळायचा हे `strength` हा 0 ते 1 मधला आकडा ठरवतो. एकूण पायऱ्या 30 आणि हा आकडा 0.6 असेल, तर शेवटच्या 18 पायऱ्याच चालतात.

खरी गंमत पुढे आहे. नॉइज बारीक-मोठ्या सगळ्या तपशिलांवर सारख्याच जोराने पडतो. चित्राचा जोर मात्र सारखा वाटलेला नसतो. उजेड-सावलीची मांडणी आणि रंगांचे मोठे भाग यांचा संकेत बलवान असतो, तर लाकडावरच्या रेषा किंवा कापडाची वीण यांचा अगदी क्षीण. त्यामुळे नॉइज वाढवत गेलं की आधी पोत बुडतो, मग कडा आणि सर्वांत शेवटी रंग व रचना. जे बुडालं तेच शब्दांना नव्याने भरता येतं. जे तरलं ते शब्दांना फारसं जुमानत नाही.

समजा, फोटोत पांढऱ्या भिंतीपाशी लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर लाल उशी. आपल्याला खुर्ची वेताची हवी आणि उशी निळी. `strength` 0.3 ठेवून तसं लिहिलं तरी उशी लालच राहते, कारण तो मोठा रंगीत भाग पुसलाच गेलेला नाही. 0.8 वर ती निळी होते, पण खुर्चीचे पायही बदलतात. (नेमके आकडे मॉडेलप्रमाणे सरकतात.) यावर उपाय शब्दांत नाहीच. कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये उशीवर निळा रंग ओबडधोबड फासा आणि तेच चित्र संदर्भ म्हणून 0.5च्या आसपास द्या. सूचनेत ‘निळी उशी असलेली वेताची खुर्ची’ एवढंच पुरे. वस्तूचं नाव मात्र गाळू नका. नुसतं ‘वेत’ लिहिलं तर भिंतीवरही वीण उमटू शकते. भिंत कुठे, उजेड कुठून, हे चित्रानेच सांगितलेलं असतं.

सूचनेला ‘अप्रतिम’, ‘अतिस्पष्ट’ असे मंत्र जोडायच्या याद्या सगळीकडे फिरतात. उरलेली लाली त्यांनी हटत नाही.

काही साधनं संदर्भचित्रात नॉइज न मिसळता त्यातली वैशिष्ट्यं वेगळ्या वाटेने मॉडेलला पुरवतात. तिथे वस्तूची जागा टिकेलच असं नाही, म्हणून मांडणीही लिहावी लागते. आपलं साधन कुठल्या जातीचं आहे हे ओळखायला सूचना शक्य तितकी छोटी ठेवा, त्यात फक्त वस्तूचं नाव लिहा आणि `seed`, म्हणजे यादृच्छिक नॉइज ठरवणारा आकडा, बदलत दोन-तीन चित्रं काढा. खुर्ची प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात आली, तर मांडणी संदर्भचित्राने धरून ठेवली आहे.