ड्युटी ड्रॉबॅकचा दावा शिपिंग बिलात कसा आला

आयात केलेला माल जसाच्या तसा परत बाहेर पाठवला तर भरलेल्या सीमाशुल्काचा मोठा भाग परत द्यायचा, ही ड्युटी ड्रॉबॅकची तरतूद 1878 च्या सागरी सीमाशुल्क कायद्यातही होती. आज ती 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे आणि परतावा 98 टक्क्यांपर्यंत मिळतो. तोच माल आहे हे मात्र सिद्ध करावं लागतं.

आयात केलेला कच्चा माल कारखान्यात शिरला की ही ओळख पुसली जाते. अशा कच्च्या मालापासून बनवून निर्यात केलेल्या वस्तूंसाठी कलम 75 आहे. प्रत्येकाच्या बिलांचा हिशोब तपासत बसणं सरकारला परवडणारं नव्हतं, म्हणून त्या-त्या उद्योगाचा सरासरी दर ठरवायची पद्धत रुळली. हा ‘ऑल इंडस्ट्री रेट’ एफओबी किमतीच्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, टक्केवारीत असतो आणि पुष्कळ वस्तूंना नगामागे कमाल रक्कमही लावलेली असते. सरासरीत काहींना जास्त मिळतं, काहींना कमी. ते धरूनच ही पद्धत चालते.

संगणकीकरणानंतर वेगळा अर्ज उरला नाही. शिपिंग बिलात, म्हणजे सीमाशुल्क विभागाला द्यायच्या निर्यातीच्या घोषणापत्रात, ड्रॉबॅक दरयादीतला वस्तूचा अनुक्रमांक टाकला की तोच दावा. निर्यातीची परवानगी मिळते ती तारीख दाव्याची तारीख धरली जाते. पण जहाज कंपनीने भरलेला एक्स्पोर्ट मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, बिलाशी जुळेपर्यंत फाइल पुढे सरकत नाही. पैसे अडकले की आधी इथेच बघावं.

या एका नोंदीचं वजन 2017 मध्ये कळलं. जीएसटी आल्यावर तीन महिने दरयादीतले जुने दोन स्तंभ चालू ठेवले होते, त्यातला ‘ए’ चढ्या दराचा. चढा दर घेणाऱ्याने निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा, म्हणजे एकात्मिक जीएसटीचा, परतावा सोडला असं धरलं जाई. अनेकांनी जुन्या सवयीने ‘ए’ लिहिलं आणि परतावा अडकला. फरक परत करायची तयारी दाखवूनही 2018 च्या परिपत्रकाने नकार दिला. 2019 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका निर्यातदाराला परतावा देण्याचा आदेश दिला. 1 ऑक्टोबर 2017 पासून एकच स्तंभ आहे.

तसाच सापळा आजही आहे. समजा, 2,000 नगांची एफओबी किंमत 10 लाख रुपये, दर 2 टक्के, कमाल नगामागे 8 रुपये. टक्केवारीने 20,000 होतात, पण मिळणार 16,000. प्रत्यक्ष शुल्क 22,000 गेलं असेल तर त्याचे 80 टक्के 17,600. सरासरी दराची रक्कम त्याहून कमी, म्हणून ‘ब्रँड रेट’, म्हणजे स्वतःच्या प्रत्यक्ष शुल्कावरून ठरणारा दर, मागता येतो, निर्यातीच्या परवानगीपासून तीन महिन्यांत. अट एवढीच, की बिलात सरासरी दराने दावा केलेला नसावा. तो केला असेल तर उरलेले 6,000 सोडून द्यायचे. विदेशी खरेदीदाराचे पैसे मुदतीत आले नाहीत, तर मिळालेले 16,000 सुद्धा सीमाशुल्क विभाग वसूल करतो.