रीसेट म्हणजे नेमके कधी? ४२९ आणि Retry-After यांची पार्श्वभूमी

सार्वजनिक एपीआयवर प्रत्येक वापरकर्त्याला ठराविक मर्यादा असावी, यावर आज कुणाचे दुमत नाही. दुमत आहे ते मर्यादा संपल्यावर सर्व्हरने काय सांगायचे यावर. क्लायंटला ‘आता थांब’ एवढेच सांगितले की तो एक तर कायमचा बंद पडतो किंवा दर अर्ध्या सेकंदाला पुन्हा दार वाजवतो. त्याला हवी असते वेळ, आणि वर्षानुवर्षे घोळ चालला तो याच वेळेचा.

वेळ सांगायचे साधन तसे जुने आहे. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ ची पहिली व्याख्या आली, तिच्यात Retry-After हेडर होता. त्यात पूर्ण तारीख-वेळ लिहा किंवा नुसते सेकंद लिहा, दोन्ही चालत. पण त्याची सांगड होती ५०३ शी, म्हणजे ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ या उत्तराशी. सर्व्हर दुरुस्तीला काढला तर तो सगळ्यांसाठीच बंद असतो. एकाच माणसाने जास्त मागितले म्हणून फक्त त्याला थांबवायचे, ही कल्पना तेव्हाच्या वेबच्या मनातही नव्हती.

ती गरज एपीआयमुळे आली. सुरुवातीला बहुतेकांनी आयपी पत्त्यावर मोजणी केली. एका मोठ्या लघुसंदेश सेवेच्या पहिल्या एपीआयमध्ये लॉगिन नसेल तर एका आयपीला तासाला १५० रिक्वेस्ट मिळत. पण आयपी म्हणजे माणूस नव्हे. होस्टेलचे अख्खे वायफाय बाहेर एकच पत्ता दाखवते, आणि भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर एका आयपीव्ही४ पत्त्यामागे असंख्य अनोळखी लोक असू शकतात. त्यांतल्या एकाने स्क्रिप्ट चालवली की बाकीच्यांची मर्यादाही तोच संपवतो. गैरवापर करणारा मात्र दहा पत्ते भाड्याने घेऊन मोकळा. म्हणून २०१२ मध्ये जाहीर झालेल्या नव्या आवृत्तीत त्या सेवेने लॉगिन सक्तीचे केले आणि मोजणी वापरकर्त्याच्या टोकनवर नेली. १५ मिनिटांची विंडो, म्हणजे मोजणीचा ठराविक कालखंड, आली, आणि तेवढ्यात मार्गानुसार १५ किंवा १८० रिक्वेस्ट.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आरएफसी ६५८५ या इंटरनेट मानकाने ‘फार जास्त रिक्वेस्ट आल्या’ असे सांगणारा ४२९ हा कोड दिला. तोवर कुणी ४०३ वापरत होते, कुणी ५०३, तर वर उल्लेखलेल्या सेवेच्या शोध एपीआयने मानकात नसलेला ४२० वापरला होता. ४२९ ने भाषा एक केली, पण दोन गोष्टी मुद्दाम सोडून दिल्या. वापरकर्ता कसा ओळखायचा आणि रिक्वेस्ट कशा मोजायच्या, हे आपण ठरवत नाही असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते मला योग्य वाटते, कारण प्रत्येक सेवेचा खर्च वेगळा असतो. पण Retry-After सुद्धा त्यांनी ऐच्छिक ठेवला, आणि ही मात्र मोठी चूक झाली असे माझे मत आहे. ज्यांनी तो पाठवला नाही त्यांचे आपापले हेडरच रूढ राहिले. त्यांत सर्वांत जास्त पसरला X-RateLimit-Reset.

नाव एकच, अर्थ दोन. काही सेवा त्यात मर्यादा पुन्हा भरण्याचा क्षण देतात, तोही युनिक्स वेळेत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. काही सेवा फक्त उरलेले सेकंद देतात. हेडरवर एकक लिहिलेले नसते. समजा उत्तर असे आले:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
X-RateLimit-Remaining: 0
X-RateLimit-Reset: 1700000000
```

ही वेळ आहे भारतीय घड्याळानुसार १५ नोव्हेंबर २०२३, पहाटेचे ३:४३:२०. पण हा आकडा उरलेले सेकंद आहे असे समजून क्लायंट लिहिला असेल, तर तो जवळजवळ ५४ वर्षे झोपायला निघतो. पायथनमध्ये तो खरेच झोपतो आणि जॉब अडकल्यासारखा दिसतो. नोड.जेएसमध्ये उलटे होते. तिथे setTimeout ला २१४७४८३६४७ मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे साधारण २५ दिवसांपेक्षा, मोठी मुदत झेपत नाही. मोठा आकडा दिला की तो ती मुदत १ मिलिसेकंद धरतो. म्हणजे थांबण्यासाठी लिहिलेला कोड न थांबता मारा करत सुटतो.

दुसऱ्या बाजूची चूकही अशीच संपते. सर्व्हर 45 पाठवतो, मनात ‘अजून ४५ सेकंद’. क्लायंट ते युनिक्स वेळ म्हणून वाचतो, १९७० सालातला क्षण कधीच उलटून गेलेला असतो, वजाबाकी ऋण येते आणि तो लगेच पुन्हा विचारतो. लॉगमध्ये ही चूक ओळखता येते: एकाच टोकनच्या ४२९ ची रांग काही मिलिसेकंदांच्या अंतराने लागलेली दिसते. सर्व्हर चालवणाऱ्याला तो गैरवापर वाटतो आणि तो टोकन बंद करतो. प्रामाणिक वापरकर्त्याचा बळी जातो तो एका न लिहिलेल्या एककापायी.

युनिक्स वेळेच्या बाजूनेही बोलता येते. पूर्ण विंडोभर आकडा तोच राहतो आणि उत्तर वाटेत रेंगाळले तरी तो शिळा होत नाही. पण त्यासाठी दोन्हीकडची घड्याळे जुळलेली लागतात. क्लायंटचे घड्याळ तीन मिनिटे पुढे असेल तर तो तीन मिनिटे आधी येऊन पुन्हा ४२९ खातो. उत्तरातल्या Date हेडरशी वजाबाकी केली तर हे टळते, पण तेवढे कष्ट फार थोडे क्लायंट घेतात. उरलेल्या सेकंदांना घड्याळ लागतच नाही, उत्तर पोचायला लागलेल्या वेळेएवढाच फरक पडतो. माझा कौल सेकंदांनाच आहे.

२०२० नंतर एका कार्यगटाने हे हेडर एकसारखे करायला घेतले आणि वेळ सेकंदांतच द्यायची असे ठरवले. मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्यांत तीन स्वतंत्र हेडर होते, नंतर ते दोनांत आटोपले:

```
RateLimit-Policy: "default";q=100;w=60
RateLimit: "default";r=0;t=45
```

पहिली ओळ नियम सांगते: ६० सेकंदांत १०० रिक्वेस्ट. दुसरी सद्यस्थिती: शून्य उरल्या, ४५ सेकंद थांबा. नियम आणि स्थिती वेगळी केल्यामुळे क्लायंटला मर्यादा संपण्याआधीच आपला वेग कमी करता येतो.

अचूक वेळ सांगण्यातून एक नवी अडचणही उभी राहते. विंडो सगळ्यांसाठी मिनिटाच्या ठोक्याला संपत असेल, तर थांबलेले सगळे क्लायंट शून्याव्या सेकंदाला एकदम येतात. शिवाय मिनिटाला १०० अशी स्थिर विंडो असेल तर एकच वापरकर्ता ५९ व्या सेकंदाला १०० आणि पुढच्याच सेकंदाला आणखी १०० पाठवू शकतो, तेही नियमात राहून. म्हणून बऱ्याच सेवा टोकन बकेटकडे वळल्या. इथले टोकन लॉगिनचे नव्हे, ते म्हणजे एका रिक्वेस्टची परवानगी; प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात ठराविक वेगाने अशी टोकन जमा होत राहतात आणि प्रत्येक रिक्वेस्टला एक खर्च होते. तिथे ‘रीसेट’ असा एक क्षणच नसतो. Retry-After मध्ये जातो तो पुढचे एक टोकन जमा व्हायला लागणारा वेळ, पूर्ण सेकंदापर्यंत वर नेलेला, कारण त्या हेडरला अपूर्णांक चालत नाही. क्लायंटने त्यात स्वतःचे एक-दोन सेकंद इकडेतिकडे मिसळायचे, पण फक्त पुढे ढकलून, कधी आधी येऊन नव्हे.

जुने X-RateLimit-Reset मात्र जागचे हललेले नाहीत. त्यांच्यावर लिहिलेले क्लायंट अजून चालू आहेत, त्यामुळे नवे हेडर देणाऱ्या सेवेलाही जुना आकडा जुन्याच अर्थाने सोबत पाठवावा लागतो.