केकचा किलोचा भाव : खर्चावर तीस टक्के की विक्रीवर तीस टक्के?

"मी तीस टक्के नफा ठेवते," असं घरून केक करणाऱ्या बऱ्याच जणी सांगतात. पण तीस टक्के कशाचे? खर्चाचे की विकलेल्या भावाचे? पहिल्याला मार्कअप म्हणतात, दुसऱ्याला मार्जिन. मीही दोन वर्षं मार्कअप लावत होते आणि त्यालाच मार्जिन समजत होते.

माझ्या वहीतला एक किलोचा चॉकलेट ट्रफल घ्या. मैदा, कोको, कंपाऊंड, क्रीम वगैरे धरून सामान 380 रुपये. हे पाकिटांच्या किमतीवरून नाही, काट्यावर मोजलेल्या ग्रॅमवरून काढलेलं आहे. भांड्याला चिकटून राहिलेलं गनाशही त्यात धरलंय. बॉक्स, बोर्ड, रिबन 60 रुपये. वीज 30. माझा वेळ अडीच तास, तासाला 100 रुपयांनी 250. यात भांडी घासणं आणि गिऱ्हाइकाशी डिझाइन ठरवणंही आलं. एकूण खर्च 720.

आता मार्कअप लावला तर 720 चे तीस टक्के म्हणजे 216, आणि भाव 936. मार्जिन हवं असेल तर भावातले सत्तर टक्के खर्चाचे असायला हवेत. म्हणून 720 भागिले 0.70, म्हणजे सुमारे 1030. एका किलोमागे 94 रुपयांचा फरक. 936 ला विकलं तर विक्रीवर नफा 23 टक्केच उरतो.

हा फरक खरा टोचतो तो केक दुसऱ्याच्या दुकानात ठेवल्यावर. माझ्याकडून केक घेणाऱ्या कॅफेचं कमिशन 20 टक्के होतं. तीसातून वीस गेले, दहा उरले, असा माझा हिशोब. पण कमिशन विक्रीच्या भावावर कापलं जातं. 936 मधून 187 गेले, हातात 749 आले, खर्च वजा जाता उरले 29 रुपये. भाव 1030 असता तर 206 कापले जाऊन 104 उरले असते, म्हणजे बरोबर दहा टक्के. सवलतही अशीच विक्रीच्या भावातूनच जाते. म्हणून केकचा भाव मार्जिननेच काढावा, असं माझं ठाम मत आहे.

स्वतःच्या वेळेचे 250 हे नफ्यात मोजू नका. ती तुमची मजुरी आहे. उद्या मदतीला कुणी ठेवलं तर ती त्यांना द्यावीच लागेल, आणि नफा त्यानंतर उरायला हवा.

अर्ध्या किलोची ऑर्डर आली की किलोच्या भावाला दोनने भागायची सवय असते. सामान निम्मं होतं, 190. पण बॉक्स-बोर्ड 50 च्या खाली येत नाही, वीज 20 आणि वेळ दोन तास तरी लागतोच, म्हणजे 200. खर्च झाला 460. भाव 515 लावला तर जेमतेम 55 सुटतात. तीस टक्के मार्जिनने तोच केक 660 ला जायला हवा.