मर्यादक आणि वर्णनपर विशेषण-उपवाक्ये (इंग्रजी करारांतील)

इंग्रजीत नामाला जोडून येणारे ‘विच’ किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य दोन कामे करते. नामाने दाखवलेल्या वस्तूंतून काही वेगळ्या काढल्या तर ते मर्यादक. वस्तू आधीच ठरलेल्या असून त्यांच्याविषयी फक्त जास्तीची माहिती दिली तर ते वर्णनपर. वर्णनपर उपवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतात, मर्यादक उपवाक्याला ते नसतात. करारात या फरकावर पैसे अवलंबून असतात.

लातूरचा एक व्यापारी तेल गिरणीला सोयाबीनची 500 पोती विकतो असे समजू. त्यांतली 320 पोती औशाच्या गोदामात आणि 180 लातूरच्या आडतीत आहेत. करार इंग्रजीत आहे: ‘द बॅग्ज विच आर स्टोअर्ड ॲट औसा शॅल बी ॲट द सेलर्स रिस्क टिल 31 मार्च.’ स्वल्पविराम नसल्यामुळे विक्रेत्याची जोखीम औशातल्या 320 पोत्यांपुरतीच राहते. आता तेच शब्द असे लिहिले: ‘द बॅग्ज, विच आर स्टोअर्ड ॲट औसा, शॅल बी ॲट द सेलर्स रिस्क टिल 31 मार्च.’ आता जोखीम सगळ्या 500 पोत्यांची झाली, आणि ती औशात आहेत ही नुसती जोडमाहिती ठरली.

मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि आडतीतली 40 पोती भिजून वाया गेली. पोते 50 किलोचे आणि भाव क्विंटलला 4,500 रुपये धरला तर नुकसान 20 क्विंटलचे, म्हणजे 90,000 रुपयांचे. पहिल्या वाचनात हा तोटा या वाक्याने विक्रेत्यावर येत नाही, दुसऱ्या वाचनात येतो. मात्र दुसऱ्या वाचनात एक अडचण आहे. ‘सगळी पोती औशात आहेत’ हे विधान 180 पोत्यांबाबत खोटे ठरते, आणि विक्रेत्याचा वकील नेमका तोच मुद्दा धरून स्वल्पविराम चुकून पडल्याचे सांगेल. नुसत्या चिन्हावर विसंबू नये ते यासाठीच.

‘विच’ की ‘दॅट’ हा प्रश्न त्यामानाने लहान आहे. मर्यादक अर्थाला ‘दॅट’ आणि वर्णनपर अर्थाला ‘विच’ वापरावे, असे हेन्री फाउलर याने 1926 साली सुचवले. अमेरिकी लेखनात हा संकेत बराच रुजला, ब्रिटिश लेखनात मात्र मर्यादक अर्थालाही ‘विच’ सर्रास चालतो. आपल्याकडचे करार बहुधा ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे ‘विच’ दिसला म्हणून अर्थ वर्णनपर मानता येत नाही. आधी स्वल्पविराम पाहावेत. एकच स्वल्पविराम असेल, म्हणजे उपवाक्य उघडले पण बंद झाले नाही, तर मसुदा घाईत झाला असे समजून वाक्य पुन्हा लिहून घ्यावे.

न्यायालये विरामचिन्हाला किती वजन देतात? सर्वोच्च न्यायालयात 1952 मध्ये अश्विनीकुमार घोष यांच्या खटल्यात न्यायमूर्ती मुखर्जी यांनी विरामचिन्हे हा अर्थनिर्णयातला गौण घटक असल्याचे म्हटले, पण काळजीपूर्वक विरामचिन्हे दिलेल्या कायद्याच्या अर्थाबद्दल शंका असेल तर त्यांना वजन द्यावे असेही सांगितले. 1979 च्या मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात औषधविषयक कायद्याच्या कलम 27 मध्ये ‘स्टॉक्स’पुढे स्वल्पविराम नसणे महत्त्वाचे ठरले. त्यामुळे नुसता साठा नव्हे, विक्रीसाठीचा साठाच गुन्ह्यात येतो, असा अर्थ लागला. हे दोन्ही निकाल कायद्यांच्या वाचनाचे आहेत. करारात याखेरीज व्यवहाराची पार्श्वभूमी पाहिली जाते, आणि संदिग्धता उरलीच तर ती मसुदा करणाऱ्याच्या विरोधात वाचण्याकडे कल असतो.

मराठी वाचकाची खरी फसगत भाषांतरात होते. वरच्या दोन्ही वाक्यांचे सहज मराठी ‘औशाच्या गोदामात ठेवलेली पोती’ असेच होते, आणि स्वल्पविरामाने केलेला भेद त्यात नाहीसा होतो. मराठीत तो भेद रचनेने दाखवावा लागतो. मर्यादक अर्थासाठी ‘जी पोती औशाच्या गोदामात आहेत, तीच’ असे लिहावे. तो ‘च’ इथे मोलाचा आहे. वर्णनपर अर्थासाठी वाक्य तोडावे: ‘सर्व 500 पोत्यांची जोखीम विक्रेत्याची. ही पोती औशाच्या गोदामात आहेत.’ अर्थ तपासायचा तर उपवाक्य झाकून वाक्य वाचावे. झाकल्यावर बंधन जास्त पोत्यांवर पसरले, तर उपवाक्य मर्यादक होते.

इंग्रजी मसुद्यातही हाच उपाय चालतो. उपवाक्य काढून आकडा आणि जागा सरळ लिहावी: ‘द 320 बॅग्ज ॲट औसा अँड द 180 बॅग्ज ॲट लातूर शॅल बी ॲट द सेलर्स रिस्क टिल 31 मार्च.’ या वाक्यात एखादा स्वल्पविराम टंकलेखकाकडून जास्त पडला, तरी 40 भिजलेल्या पोत्यांचा हिशोब बदलत नाही.