पेशीतले कॅल्शियम येते कुठून आणि ते ओळखते कोण: दोन शोधांची पार्श्वभूमी

शांत असलेल्या प्राणीपेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण साधारण १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेरच्या द्रवात ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे सुमारे दहा हजार पट असते. हा फरक आपोआप राहत नाही. पटलांमधील पंप एटीपी खर्च करून कॅल्शियम सतत बाहेर किंवा अंतर्गत साठ्यांत ढकलत असतात. आत मुळातच इतके थोडे कॅल्शियम असल्यामुळे एखादा मार्ग क्षणभर उघडला, तरी पेशीद्रवातील प्रमाण एक मायक्रोमोलरच्या आसपास जाते, आणि ही दहापट वाढच पेशीसाठी संदेश ठरते. मात्र १९७० च्या सुमारास या संदेशाविषयीचे दोन मूलभूत प्रश्न अनुत्तरित होते. संप्रेरक किंवा चेतापारेषक पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसला की आत वाढणारे कॅल्शियम कुठून येते, आणि वाढलेले कॅल्शियम कोणते प्रथिन ओळखते?

कंकाल स्नायूंपुरती दोन्ही उत्तरे तोवर मिळाली होती. सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात कॅल्शियम ओळखणारे ट्रोपोनिन हे प्रथिन शोधून काढले होते, आणि स्नायुतंतूंभोवतीची जालिका कॅल्शियम साठवते व सोडते हेही स्पष्ट झाले होते. परंतु यकृत, मेंदू किंवा स्वादुपिंडाच्या पेशींत ट्रोपोनिन नसते. तरीही कॅल्शियमची वाढ त्यांनाही कळत होती.

त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले, आणि ते कॅल्शियमचा शोध घेताना मिळाले नाही. वाय यू चंग हे गायीच्या मेंदूतील फॉस्फोडायएस्टरेज या विकराचे शुद्धीकरण करत होते. हे विकर सायक्लिक एएमपी या दुसऱ्याच संदेशवाहकाचे विघटन करते. शुद्धीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर दर मिलिग्रॅम प्रथिनामागे विकराची क्रिया वाढत जावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रथिने एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या स्तंभातून विकर काढल्यावर क्रिया वाढण्याऐवजी मोठ्या प्रमाणात घटली. अशा वेळी विकर बिघडले असावे ही पहिली शंका येते. ती खरी असती, तर स्तंभातून वेगळा झालेला दुसरा अंश परत मिसळून काहीच साधले नसते. पण तो मिसळताच क्रिया पूर्ववत झाली. तो अंश उकळूनही त्याचा परिणाम टिकत होता, म्हणजे विकरापासून वेगळे झालेले, उष्णता सहन करणारे एक साहाय्यक प्रथिन तेथे होते. चंग यांनी हा निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जपानमध्ये शिरो काकिउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील हे विकर कॅल्शियमवर अवलंबून असल्याचे दाखवले, आणि १९७३ मध्ये टिओ व वांग यांनी साहाय्यक प्रथिन स्वतःच कॅल्शियम बांधते हे सिद्ध करून दोन्ही धागे जोडले. हा दुवा सहज नजरेतून सुटण्यासारखा होता, कारण प्रयोगशाळेतील पाणी, काच आणि रसायने यांत काही मायक्रोमोलर कॅल्शियम असतेच. ईजीटीएसारखे कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन घातल्याशिवाय त्याची गरज लक्षातच येत नाही. पुढे या प्रथिनाला कॅल्मॉड्युलिन हे नाव रूढ झाले.

कॅल्मॉड्युलिन हे १४८ अमिनो आम्लांचे लहान प्रथिन आहे. त्याच्या दोन टोकांना दोन गोलसर भाग असून प्रत्येकात कॅल्शियमसाठी दोन जागा, म्हणजे एकूण चार जागा असतात. कॅल्शियम बसले की प्रत्येक भागातील सर्पिल कांड्या एकमेकींपासून दूर होतात आणि आत दडलेला, पाण्यापासून दूर राहणारा पृष्ठभाग उघडा पडतो. याच पृष्ठभागाने कॅल्मॉड्युलिन लक्ष्य प्रथिनाच्या एका खंडाला दोन्ही बाजूंनी वेढते. अनेक विकरांत त्या खंडालगतचाच भाग विकराचे क्रियास्थान अडवून बसलेला असतो. तो बाजूला सरला की विकर कामाला लागते. चारही जागा एकमेकींना पूरक रीतीने भरत असल्यामुळे कॅल्शियमच्या थोड्याशा वाढीलाही तीव्र प्रतिसाद मिळतो, आणि कॅल्शियम उतरले की विकर पुन्हा बंद होते. कॅल्मॉड्युलिनवर अवलंबून असलेली काही प्रथिने मात्र कॅल्शियम उतरल्यावरही काही काळ सक्रिय राहतात.

पहिल्या प्रश्नाची वाट अधिक लांबची ठरली. माबेल आणि लोवेल होकिन यांनी १९५३ मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर ॲसिटाइलकोलीन घातले, तेव्हा पाचक विकरांच्या स्रावाबरोबरच फॉस्फोलिपिडांत किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने भरला जातो असे त्यांना दिसले. पेशीपटलाच्या या घटकाचा स्रावाशी काय संबंध, हे वीसेक वर्षे कोणालाच नीट सांगता आले नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट मिशेल यांनी सुचवले की पेशीच्या पृष्ठभागावर संदेश पकडणाऱ्या ज्या प्रथिनांमुळे, म्हणजे ग्राहकांमुळे, आत कॅल्शियम वाढते, तेच ग्राहक इनॉसिटॉलयुक्त लिपिडाचे विघटनही घडवतात. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप उरलाच. मायकेल बेरिज यांनी ब्लोफ्लाय माशीच्या लाळग्रंथींवर काम करून दाखवले की लिपिड फुटून तयार होणारे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, म्हणजेच आयपी३, काही सेकंदांतच वाढते. कारण म्हणून पुढे यायला ते पुरेसे लवकर येत होते.

निर्णायक प्रयोग १९८३ मध्ये झाला, आणि तोही स्वादुपिंडाच्याच पेशींवर. हान्सपेटर स्ट्रेब आणि इरेने शुल्ट्झ यांच्याकडे उंदरांच्या पेशींच्या बाह्य पटलाला छिद्रे पाडण्याची पद्धत होती, तर रॉबिन अर्विन आणि बेरिज यांच्याकडे आयपी३ होते. पटलाला छिद्रे पडल्यावर पेशीतील अंतर्गत साठे भोवतालच्या द्रवातूनच कॅल्शियम खेचू लागतात. द्रवात बुडवलेल्या कॅल्शियम-संवेदी इलेक्ट्रोडवर त्याचे प्रमाण उतरत जाऊन एक मायक्रोमोलरच्याही खाली स्थिरावताना दिसते. अशा स्थितीत मायक्रोमोलर प्रमाणात आयपी३ घातले की द्रवातील कॅल्शियम एकदम वर चढले. बाह्य पटल अगोदरच छिद्रित असल्याने ही वाढ पेशीबाहेरून झालेली नव्हती. ती आतल्या साठ्यातूनच होती. तंतुकणिकांचा वाटा वगळूनही परिणाम टिकला, त्यामुळे त्या काळी अनेकांना मुख्य कोठार वाटणाऱ्या तंतुकणिका बाजूला पडल्या आणि आंतर्द्रव्यजालिकेकडे लक्ष वळले. शिवाय ॲसिटाइलकोलीनप्रमाणेच काम करणारे कार्बाकोलही याच साठ्याला रिते करते, असे निरीक्षणांतून दिसले. सर्वांत पटणारा पुरावा माझ्या मते हाच आहे, कारण आयपी३ कॅल्शियम सोडवू शकते एवढ्याने नैसर्गिक संदेश त्याच वाटेने जातो असे सिद्ध होत नाही.

या वाटेतील दरवाजा कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाने १९८९ मध्ये ओळखला. उंदराच्या लहान मेंदूत विपुल सापडणारे, पी४०० म्हणून आधीपासून माहीत असलेले प्रथिन हाच आयपी३चा ग्राहक निघाला, आणि तो स्वतःच आंतर्द्रव्यजालिकेतील कॅल्शियम-मार्गही होता. थोडे कॅल्शियम या मार्गाला अधिक उघडते, तर फार कॅल्शियम त्याला मिटवते, हे १९९१ मध्ये दिसून आले. अनेक पेशींत कॅल्शियम एकसारखे चढलेले न राहता लाटांसारखे वरखाली होते, त्यामागचे एक महत्त्वाचे कारण इथे सापडते.

साठा मर्यादित असतो, त्यामुळे बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकले तर पेशीचा पहिला प्रतिसाद येतो, पण तो फार काळ टिकत नाही. साठा रिता झाला हीच गोष्ट बाह्य पटलातील मार्ग उघडण्याचा इशारा असावी, असे जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडले. तो इशारा देणारे प्रथिन, आंतर्द्रव्यजालिकेतील स्टिम१, २००५ मध्ये हाती आले. पटलातील ओराय१ हा मार्ग २००६ मध्ये ओळखला गेला, आणि त्या शोधात जन्मतःच तीव्र प्रतिकारशक्ती-न्यूनता असलेल्या रुग्णांच्या टी-पेशींचा मोठा वाटा होता: त्या पेशींचे साठे नेहमीप्रमाणे रिते होत, पण बाहेरून कॅल्शियम आत येत नसे.